काटेरी तारेची किती बंडलं लागतील? शेताच्या कुंपणाचा हिशोब, फाटक आणि कोपऱ्यांसकट

मी पहिल्यांदा कुंपण घातलं तेव्हा तार कमी पडली ती पाचव्या ओळीत, शेवटच्या बाजूला, बावीस खांब उरलेले असताना. घाईघाईने एक बंडल आणलं. ते बारीक तारेचं निघालं, आणि त्या बाजूची वरची ओळ पुढे कायम बाकीच्या चार ओळींपेक्षा ढिली राहिली. चूक तार लावणाऱ्यांची नव्हती. मी दुकानात जाऊन "एवढ्या एकराला किती बंडलं लागतील?" असं विचारलं होतं आणि मिळालेलं उत्तर मान्य केलं होतं. त्या प्रश्नालाच उत्तर नसतं.

याचं कारण असं की तार क्षेत्रफळाला लागत नाही, परिघाला लागते. ६००० चौरस मीटरचा एक तुकडा १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असेल तर त्याचा परिघ ३२० मीटर होतो. तेवढ्याच क्षेत्राची पट्टी २०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असेल तर परिघ ४६० मीटर. जमीन तेवढीच, पण पाच ओळींच्या कुंपणाला दुसऱ्या तुकड्यात ७०० मीटर तार जास्त लागते, म्हणजे तीन बंडलांहून अधिक. म्हणून एकराचा आकडा बाजूला ठेवायचा आणि टेप घेऊन बांधावर जायचं.

खाली मी एकच शेत घेतलं आहे आणि त्याचा हिशोब पहिल्या टेपपासून शेवटच्या बंडलापर्यंत नेला आहे. चार बाजू आहेत, चारही वेगळ्या लांबीच्या: उत्तरेची ९६ मीटर, पूर्वेची ६४, दक्षिणेची १०२ आणि पश्चिमेची ५८. बेरीज ३२० मीटर, क्षेत्र दीड एकराच्या जवळपास. फाटक पूर्वेच्या बाजूला, ईशान्य कोपऱ्यापासून १२ मीटरवर, ४ मीटर रुंद. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

मोजणी खांबांच्या रेषेवर करायची

नकाशावरची लांबी आणि जमिनीवरची लांबी यांत फरक पडतो, पण लोकांना वाटतो तितका चढ-उतारामुळे पडत नाही. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर लांबी अर्ध्या टक्क्याने वाढते. पाच मीटरला एक मीटर, म्हणजे चांगला उभा चढ असला तरी वाढ दोन टक्केच. खरा फरक पडतो तो बांध वाकडा असल्यामुळे. नकाशात सरळ दिसणारी बाजू प्रत्यक्षात मध्ये एखाद्या झाडाला किंवा ओढ्याला वळसा घालून जाते. तिथे एक नवा कोपरा तयार होतो आणि प्रत्येक कोपरा तार मागतो, खांब मागतो, टेकू मागतो.

म्हणून आधी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकायच्या, दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची आणि दोरीच्या रेषेवर टेप टाकायचा. बाजू कुठे वाकते ते दोरी लगेच दाखवते. हातभराचा बाक असेल तर खांब थोडे आत घेऊन बाजू सरळ करणं बरं. तेवढ्या जमिनीसाठी एक जादा कोपरा बांधणं परवडत नाही.

घळ किंवा चर आडवा येत असेल तर तो मोजणीत वेगळा टिपून ठेवा. तार दोन काठांवरच्या खांबांमध्ये सरळ जाते आणि खाली मोकळी जागा उरते. तिथे खालून एक-दोन तुकडे जादा लावावे लागतात. हे तुकडे एकूण तारेच्या मानाने किरकोळ असतात, पण यादीत नसले की नेमके तेच राहून जातात आणि जनावर तिथूनच आत येतं.

फाटकाची जागा वजा करायची, पण तिथे तार वाचेल अशी आशा ठेवायची नाही

फाटक ४ मीटरचं, म्हणून ३२० मधून ४ वजा, ३१६ मीटर उरले. इथपर्यंत सगळेच येतात. मात्र वजा करायचं अंतर हे फाटकाच्या दोन खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं असतं आणि गाडीला लागणारी जागा ही दोन खांबांच्या आतल्या कडांमधली असते. ट्रॅक्टरला मोकळी ४ मीटर जागा हवी असेल तर खांबांची जाडी आणि बिजागरीची जागा धरून मध्य ते मध्य अंतर सव्वाचार मीटरच्या पुढे जातं. तारेच्या हिशोबात याने फरक पडत नाही, पण खड्डे चुकीच्या जागी खणले तर ट्रॅक्टर अडतो. मी पुढे ४ मीटर हे मध्य ते मध्य धरतो.

आता महत्त्वाची गोष्ट. फाटकामुळे पूर्वेची बाजू दोन तुकड्यांत तुटली: एक १२ मीटरचा, दुसरा ४८ मीटरचा. चार बाजूंचं शेत, पण तारेच्या दृष्टीने तुकडे पाच झाले. प्रत्येक तुकड्याला दोन टोकं असतात आणि प्रत्येक टोकाला तार खांबाभोवती गुंडाळून स्वतःवरच पिळून बांधावी लागते. १० सेंटिमीटर चौकोनी खांबाला एक वेढा म्हणजे ४० सेंटिमीटर, वर पीळ मारायला वीस सेंटिमीटर. मी टोकाला ६० सेंटिमीटर धरतो. म्हणजे फाटकाच्या दोन टोकांनी प्रत्येक ओळीत १.२ मीटर परत घेतले. चारच्या जागी निव्वळ बचत पावणेतीन मीटरच्या आसपास.

शिवाय फाटक लोखंडी नसून तारेचंच असेल, म्हणजे काठ्यांना त्याच पाच ओळी बांधून उघडझाप करायची असेल, तर त्यालाही प्रत्येक ओळीत ४ मीटर अधिक दोन्हीकडची बांधणी धरून साधारण ४.८ मीटर लागतात. पाच ओळींचे २४ मीटर. तेव्हा अशा फाटकाला काहीच वजा करायचं नाही, उलट थोडं मिळवायचं.

कोपऱ्यावर तार तोडायची की वळवून पुढे न्यायची?

पुष्कळ जण तार कोपऱ्याच्या खांबाला बाहेरून वळसा घालून तशीच पुढच्या बाजूला नेतात. गाठ वाचते हे खरं. पण काटे खांबावर अडतात, त्यामुळे पुढच्या बाजूला दिलेला ताण मागच्या बाजूपर्यंत पोचतच नाही. एक बाजू खणखणीत आणि दुसरी लोंबती, असं कुंपण दिसलं तर कोपऱ्याकडे जाऊन बघा, तार वळवलेली असते. पुढे एका बाजूची तार तुटली की दुसरीही ढिली पडते. म्हणून कोपऱ्यावर प्रत्येक बाजू स्वतंत्र बांधायची. हिशोबात याचा अर्थ एवढाच की प्रत्येक कोपऱ्यावर दोन टोकं, दोनदा ६० सेंटिमीटर.

आपले पाच तुकडे आता टोकांसकट असे होतात: उत्तर ९७.२ मीटर, पूर्वेचे दोन १३.२ आणि ४९.२, दक्षिण १०३.२, पश्चिम ५९.२. एका ओळीची बेरीज ३२२ मीटर. म्हणजे फाटक वजा करूनही लागणारी तार परिघाहून जास्तच निघाली.

कोपऱ्याच्या खांबावर किती जोर येतो ते एकदा लक्षात घेतलं की टेकूंची टाळाटाळ होत नाही. समजा प्रत्येक ओळीचा ताण १०० किलोच्या ओझ्याएवढा आहे. पाच ओळी म्हणजे ५००. काटकोनात दुसऱ्या बाजूचेही ५००. दोन्ही मिळून खांबाला शेताच्या आत, कर्णाच्या दिशेने, ७०० किलोच्या वर ओढतात आणि तो ओढा दिवसरात्र चालू असतो. म्हणून कोपऱ्याच्या खांबाला दोन तिरके टेकू हवेत, दोन्ही बाजूंच्या कुंपणाच्या रेषेत एकेक. टेकूचं डोकं खांबाच्या दोन-तृतीयांश उंचीवर टेकतं आणि पाय दीड-दोन मीटरवर जमिनीत पुरलेला असतो. कर्णावर आतून एकच टेकू लावला तर एक बाजू ताणताना दुसरी अजून मोकळी असते, आणि खांब त्या वेळीच फिरतो. फाटकाच्या खांबाला एकाच बाजूने ओढ असते, त्याला एक टेकू पुरतो.

ओळी किती?

हे जनावरावर ठरतं. गाई-म्हशींना १.२ मीटर उंचीवर पाच ओळी पुरतात. मी जमिनीपासून २०, ४२, ६६, ९२ आणि १२० सेंटिमीटरवर ओळी घेतो. खाली अंतर कमी आणि वर जरा जास्त, कारण जनावर डोकं घालतं ते खालच्या अर्ध्यात. चार ओळींत काम भागवायचं तर मधली अंतरं तीस सेंटिमीटरच्या पुढे जातात, वासराचं डोकं त्यातून सहज शिरतं, आणि डोकं शिरलं की ते अंग रेटतं.

शेळ्या-मेंढ्यांसाठी खालच्या अर्ध्या मीटरात ओळी पंधरा सेंटिमीटरवर आणाव्या लागतात, म्हणजे एकूण सात तरी होतात. तिथे खाली जाळी आणि वर दोन काटेरी ओळी हा मार्ग मला बरा वाटतो. रानडुकराला तर नुसत्या काटेरी तारेने अडवता येत नाही. ते खालची तार नाकाने उचलतं नाहीतर खालून माती उकरतं. त्यासाठी ओळी वाढवत बसू नका, ती तार वाया जाते.

आपल्या शेताला पाच ओळी धरल्या. ३२२ गुणिले ५, एकूण १६१० मीटर.

फुलीच्या तारा: हिशोब इथेच फसतो

दोन खांबांमधल्या गाळ्यात तिरक्या दोन तारा फुलीसारख्या बांधतात. कुंपण भक्कम दिसतं, ओळी एकमेकींना धरून राहतात. पण ही तार कुणी हिशोबात घेत नाही, आणि लावणारा मात्र सवयीने प्रत्येक गाळ्यात फुली मारत सुटतो.

खांबांमधलं अंतर २.५ मीटर आणि कुंपणाची उंची १.२ मीटर असेल तर तिरकी तार २.७७ मीटर भरते. दोन्ही टोकांच्या बांधणीसाठी तीस-तीस सेंटिमीटर धरून ३.४ मीटरचा एक तुकडा. एका फुलीला दोन तुकडे, ६.८ मीटर. आपल्या शेतात पुढे १२९ गाळे निघणार आहेत. सगळ्यांत फुल्या मारल्या तर ८७७ मीटर तार जाईल. पावणेतीन ओळींची तार झाली ही! तेवढ्यात पाचाच्या सात ओळी झाल्या असत्या आणि अडवणूक कितीतरी जास्त झाली असती.

माझ्या मते फुली फक्त टोकाच्या गाळ्यात मारावी, जिथे तार कोपऱ्याला किंवा फाटकाच्या खांबाला बांधली आहे. पाच तुकडे, दहा टोकं, दहा फुल्या, म्हणजे ३.४ मीटरचे वीस तुकडे. ६८ मीटर. एकूण गरज आता १६७८ मीटर झाली. काम सुरू होण्याआधी लावणाऱ्यांना हे स्पष्ट सांगा आणि ते कुठले गाळे ते खांबांवर खडूने खूण करून दाखवा.

बंडल किती मीटरचं, हे वजन करून ठरवायचं

काटेरी तार बहुतेक ठिकाणी वजनावर विकली जाते, आणि आपल्याला हवी असते लांबी. "एका बंडलात अडीचशे मीटर निघते" हे वाक्य ऐकून कुणीही हिशोब करू नये. २५ किलोच्या बंडलातून किती मीटर निघणार हे तारेची जाडी, काट्यांची जाडी आणि दोन काट्यांमधलं अंतर यांवर अवलंबून असतं. काटे दाट असले की तेवढ्याच वजनात लांबी कमी भरते.

ओळखायची रीत सोपी आहे. बंडलाचं मोकळं टोक सरळ करून बरोबर २ मीटर तार मोजा, तोडा आणि किराणा तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. समजा २४० ग्रॅम भरली. म्हणजे मीटरला १२० ग्रॅम. २५ किलो म्हणजे २५००० ग्रॅम, भागिले १२०, उत्तर २०८ मीटर. दुसरी एखादी तार मीटरला ८० ग्रॅम भरली तर तेवढ्याच वजनाच्या बंडलात ती ३१२ मीटर निघेल. बंडलाचं वजनही तिथेच करून घ्या, आणि आत लाकडी किंवा लोखंडी गाभा असेल तर त्याचं वजन वजा करा.

जास्त मीटर निघतात म्हणून बारीक तार घ्यावी का? गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे आधी ध्यानात ठेवा. काटेरी तारेत दोन पदर एकमेकांवर पिळलेले असतात. पदर २.५ मिलिमीटरचा असेल तर त्यात जेवढं लोखंड असतं, त्याच्या ६४ टक्केच २ मिलिमीटरच्या पदरात असतं. ताकद साधारण त्याच प्रमाणात कमी होते, आणि गंज चढू लागला की बारीक तार आधी जाते. लांब बाजू असलेल्या, गुरं रेटणाऱ्या कुंपणाला मी बारीक तार घेणार नाही. निदान एका शेतात दोन जाडीच्या तारा मिसळू नका. त्या सारख्या ताणल्या जात नाहीत, मी हे स्वतःच्या कुंपणावर पाहिलं आहे.

आपण मीटरला १२० ग्रॅमची तार घेतली, बंडल २०८ मीटरचं.

भागाकार करून थांबायचं नाही, तुकडे मांडून बघायचे

१६७८ भागिले २०८ केलं की ८.०७ येतं. हा आकडा मोहात पाडणारा आहे. आठ बंडलांची तार १६६४ मीटर, फक्त १४ मीटर कमी. कुठेतरी काटकसर करून आठात बसवू, असं वाटतं.

पण तार सलग द्रवासारखी वापरता येत नाही. बंडल बाजूच्या मध्येच संपलं तर सांधा द्यावा लागतो. दोन टोकं एकमेकांत आकड्यासारखी अडकवून प्रत्येक टोक स्वतःवर पिळायचं, यात अर्धा-पाऊण मीटर तार जाते. शिवाय ताणताना पहिली सुटते ती सांध्याचीच जागा. म्हणून बंडलं अशी वापरायची की शक्यतो प्रत्येक तुकडा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत अखंड जाईल.

मांडून बघू. दक्षिणेचा १०३.२ आणि उत्तरेचा ९७.२, दोन्ही मिळून २००.४. एका बंडलात हे दोन बसतात आणि ७.६ मीटर उरतात, त्यातून फुलीचे दोन तुकडे निघतात. अशी पाच बंडलं, म्हणजे दोन्ही लांब बाजूंच्या पाचही ओळी आणि फुलीचे दहा तुकडे झाले.

सहाव्या बंडलातून पश्चिमेचे तीन तुकडे आणि पूर्वेचे छोटे दोन काढले की २०४ मीटर होतात, उरलेल्यातून फुलीचा एक तुकडा. सातव्यातून पश्चिमेचे राहिलेले दोन, पूर्वेचा मोठा एक आणि छोटे दोन मिळून १९४ मीटर. चौदा मीटर उरले, त्यात फुलीचे चार तुकडे. आठव्यातून पूर्वेचे मोठे चार, १९६.८ मीटर, आणि फुलीचे तीन. आठ बंडलं संपली, सांधा एकही नाही, आणि राहिलं काय? पूर्वेच्या छोट्या तुकड्याची एक ओळ आणि फुलीचे दोन तुकडे. वीस मीटर.

फक्त वीस मीटरसाठी नववं बंडल घ्यायचं का, हा प्रश्न इथे येतो. फाटक १२ मीटरवर न ठेवता थेट ईशान्य कोपऱ्याला लावलं तर पूर्वेची बाजू एकच, ६० मीटरची होते. दोन टोकं कमी झाल्याने पाच ओळींत ६ मीटर वाचतात, दोन फुल्या कमी झाल्याने १३.६ मीटर. बेरीज १९.६. एकूण गरज १६५८.४ वर येते आणि कागदावर आठ बंडलं पुरतात, पाच-सहा मीटर शिल्लक ठेवून. एक खांब आणि दोन टेकूही कमी होतात. फाटकाची जागा नुसती बारा मीटर सरकवल्याने एक बंडल वाचतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सगळा हिशोब दोनदा तपासला होता.

तरीही मी इथे आठ घेणार नाही. पाच-सहा मीटर म्हणजे एखादा सांधा, एखादं वाकडं टोक, एका बंडलात अर्धा किलो कमी भरणं, यातच संपतात. आणि कोपऱ्यातल्या फाटकाला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वळवायला जागा लागते, ती आहे का हे आधी बघावं लागतं. कोपऱ्याच्या खांबावर तारांची ओढ आणि फाटकाचं वजन दोन्ही येतं, तो खांब जाड आणि काँक्रीटमध्ये पुरलेला हवा. हे जमत असेल तर फाटक जरूर कोपऱ्याला न्या, पण तार वाचते म्हणून नव्हे, सोयीचं आहे म्हणून.

तेव्हा या शेताला बंडलं नऊ, सगळी एकाच खेपेत, एकाच जाडीची. तुमच्या हिशोबात मांडणी केल्यावर शेवटच्या बंडलात निदान तीन टक्के, म्हणजे इथे ५० मीटर तरी शिल्लक राहतात का ते बघा. राहत नसतील तर एक बंडल वाढवा.

खांबांची मोजणी आणि बांधायची तार

खांबही एकूण लांबीला भागून काढू नयेत. ३१६ भागिले २.५ म्हणजे १२६.४, आणि मग १२७ खांब, असं केलं तर कमी पडतात. प्रत्येक तुकडा वेगळा भागायचा आणि अपूर्णांक वर न्यायचा. ९६ मीटरला ३९ गाळे, १२ ला ५, ४८ ला २०, १०२ ला ४१, ५८ ला २४. एकूण १२९. कुंपण पूर्ण बंद असेल तर खांब गाळ्यांएवढेच लागतात. फाटकाने ते एका जागी उघडं पडतं, म्हणून एक जास्त, १३०. त्यात कोपऱ्यांचे चार आणि फाटकाचे दोन जाड, बाकी १२४ मधले. टेकू कोपऱ्यांचे आठ आणि फाटकाचे दोन. उत्तर आणि दक्षिण बाजू शंभराच्या आसपास आहेत, तिथे मधोमध एकेक जाड खांब दोन टेकूंसकट दिला तर हाताने ताणणं सोपं जातं. तो धरून टेकू चौदा. जमिनीवर १.२ मीटर आणि जमिनीत ६० सेंटिमीटर, म्हणजे खांब १.८ मीटरहून थोडा जास्त लांब हवा.

मधल्या १२४ खांबांवर पाच ओळी म्हणजे ६२० बांधण्या. प्रत्येकीला अर्धा मीटर बाइंडिंग तार धरली तर ३१० मीटर, १.६ मिलिमीटर जाडीची असेल तर पाच किलोच्या घरात. फुल्यांच्या मध्यावर बांधायला थोडी जास्त आणा. मधल्या खांबांवर ही बांधणी काटेरी तार आवळून टाकणारी नको, ताण देताना तार तिच्यातून सरकली पाहिजे.

पहिल्या बंडलावरच हिशोब तपासा

बंडलाच्या मधून पहार घालायची, दोघांनी दोन टोकं धरायची आणि चालत चालत तार उलगडत जायची. बंडल जमिनीवर आडवं ठेवून एका बाजूने वेढे ओढून काढले तर प्रत्येक वेढ्याला पीळ बसतो आणि ताण दिला की तिथे आढी पडते. दिसायला ती बोटाएवढी लहान, पण जस्ताचा थर तिथे तडकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ताणताना तारेच्या रेषेत कुणी उभं राहू नये. सुटलेली तार परत गुंडाळत येते आणि काट्यांसकट येते.

पहिल्या बंडलातून दक्षिणेची आणि उत्तरेची एकेक ओळ लावून झाली की थांबा आणि उरलेला तुकडा मोजा. हिशोबाप्रमाणे ७.६ मीटर उरायला हवेत. सात-आठ मीटर उरले तर पुढे जा. एकच मीटर उरला असेल तर प्रत्येक बंडलात साडेसहा मीटर कमी पडणार आहेत, नऊ बंडलांत जवळपास साठ, आणि हे आज कळलं आहे, शेवटच्या बाजूला नाही. त्यावेळी दोन गोष्टी बघायच्या: बंडल वजनात कमी आहे, की टोकाला ६० सेंटिमीटरऐवजी मीटरभर तार गुंडाळली जाते आहे. दुसरं असेल तर लावणाऱ्याला ६० सेंटिमीटरची काडी तोडून हातात द्या, तिच्या मापाने टोक सोडायला सांगा.

भर उन्हात तार तापून लांब झालेली असते. शंभर मीटरच्या बाजूला २० अंशांच्या फरकाने सुमारे अडीच सेंटिमीटर. दुपारी पूर्ण कडक ताणलेली तार थंडीच्या पहाटे आणखी आकसते आणि सगळा जोर कोपऱ्याच्या खांबांवर येतो. म्हणून दुपारी ताणताना गाळ्याच्या मध्यावर हाताने दाबल्यावर तार किंचित खाली जाईल एवढी ढील ठेवा. कोपऱ्याच्या खड्ड्यात काँक्रीट असेल तर ते ताण देण्याआधी आठवडाभर तरी सुकू द्या.

नवव्या बंडलातून वीस मीटर गेल्यावर १८८ मीटर उरतात. ज्या बाजूने गुरांची वाट आहे त्या बाजूला मी यातून सहावी ओळ टाकतो, वरच्या दोन ओळींच्या मध्ये. इथे ती दक्षिणेची धरली तर १०३ मीटर त्यात जातात. राहिलेले ८५ मीटर गुंडाळून छपराखाली, जमिनीला न टेकवता टांगून ठेवायचे, आणि बंडलाला एक चिठ्ठी बांधायची: तारेची जाडी आणि मीटरला किती ग्रॅम. पुढे कधी तुटलेली ओळ बदलायची वेळ आली की त्याच जाडीची तार हाताशी असते.